पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या डोसिंग पंपावरच्या माझ्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ‘४ बारच्या लाइनला ७ बारचा पंप सांगणं म्हणजे उधळपट्टी. शिवाय तासाला १२ लिटरचा पंप घ्यावा आणि स्ट्रोक कमी करावा, झालं काम! सक्शनबद्दल तर अवाक्षर नाही. विक्रेत्यासारखं लिहिणं बंद करा.’

महोदय,

मी पंप विकत नाही, कधी विकलेही नाहीत. उमेदीची वर्षं पाणीयोजनेच्या पंपहाउसवर हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाच्या, वासात काढली आहेत. मतभेद असू द्या, पण हेतूवर शंका घ्यायची तर निदान नाव तरी लिहायचं.

सक्शनच्या टोकाच्या फूटव्हॉल्व्हवर एक ओळ हवी होती, मान्य. ७ बारचं म्हणाल, तर ४ बार हा वाहत्या लाइनचा दाब; पुढचा व्हॉल्व्ह मिटला की काटा कुठे जातो ते एकदा उभं राहून बघा.

आता तुमचं ते ‘झालं काम’. लेखातलंच उदाहरण घेऊ. तासाला २० घनमीटर पाणी, लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे तासाला ४० ग्रॅम. हायपो १० टक्क्यांचं, लिटरमागे साधारण १०० ग्रॅम. गरज तासाला ४०० मिलिलिटरची. तुमचा १२ लिटरचा पंप मिनिटाला १८० ठोके मारत असेल, तर पूर्ण स्ट्रोकला, म्हणजे आतला डायफ्रामचा पडदा पूर्ण लांबीने सरकला की, ठोक्यामागे १.१ मिलिलिटर ढकलतो. ४०० मिलिलिटरवर आणायला स्ट्रोक जेमतेम ३ टक्के ठेवावा लागेल, म्हणजे ठोक्यामागे ०.०३७ मिलिलिटर. एवढ्या खाली कोणताही कंपनीवाला अचूकतेची हमी देत नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. हायपोतून वायू सुटतो आणि पंपाच्या हेडमध्ये बुडबुडा अडकतो. लाइनमध्ये ४ बार, म्हणजे हवेच्या दाबासकट ५. डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडण्याआधी बुडबुडा एक पंचमांशावर दाबला गेला पाहिजे. ०.०५ मिलिलिटरचा, पाण्याच्या एका थेंबाएवढा बुडबुडा असला, तरी त्याला दाबण्यातच ०.०४ मिलिलिटर जातात. तुमचा अख्खा ठोका त्याहून लहान! डायफ्राम पुढे-मागे होतो, बुडबुडा आकसतो आणि फुगतो, व्हॉल्व्ह काही उघडत नाही. पंप टकटक करतोय म्हणून ऑपरेटर निश्चिंत, आणि गावच्या नळाला क्लोरीन शून्य. हे मी पाहिलंय, साहेब, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

म्हणून स्ट्रोक लांबच ठेवायचा, कमी करायचे ते ठोके. तेही १२ लिटरच्या पंपावर मिनिटाला सहावर येतात, म्हणजे दहा सेकंदांनी एक पिचकारी. त्यापेक्षा हायपो २ टक्क्यांवर पातळ करा, मऊ पाण्याने. जड पाण्याने व्हॉल्व्हच्या बॉलवर क्षार बसतात. मग तासाला २ लिटर लागतात आणि ३ लिटरचा छोटा पंप दोन तृतीयांश क्षमतेवर निवांत चालतो. आता सांगा, उधळपट्टी कुणाची?

तरीही पटत नसेल, तर सक्शनला मापाचं नळकांडं जोडा आणि लाइन पूर्ण दाबावर असताना पातळी किती उतरते ते घड्याळ लावून मोजा. तो आकडा इथे टाका, मग बोलू.