हार कोणता, हार कोणती?

दिवाळी अंकाचं प्रूफ परवा हाती आलं. माझ्या विनोदाभोवती लाल वर्तुळ, शेजारी शेरा: 'लिंग निश्चित करा.'

विनोद मूळचा चिनी, मी मराठीत आणलेला. श्येहौयू नावाचा तिकडे एक प्रकार असतो. पहिला अर्धा भाग बोलायचा आणि दुसरा समोरच्याने ओळखायचा. 'कन्फ्यूशियसने बिऱ्हाड हलवलं' म्हटलं, की उत्तर येतं, 'सगळं शूच!' शू म्हणजे पुस्तक. पंडिताच्या घरातून दुसरं काय निघणार? पण हरणं यालाही शूच म्हणतात, अगदी त्याच सुरात. त्यामुळे डावामागून डाव हरणाऱ्याची टिंगल या एका ओळीत होते.

मराठीत 'पुस्तकं' लिहिलं की कोणी हरत नाही. आठ दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी लिहिलं, 'फुलवाल्याने बिऱ्हाड हलवलं, टेम्पोत हारच हार!' कन्फ्यूशियसला घरी ठेवावं लागलं, याचं वाईट वाटलं. चीनचा थोर गुरू पुस्तकांसकट हरतो, ही गंमत फुलवाल्याला कुठून यायची? पण हशा तरी वाचला होता.

मुद्रितशोधक काकांना फोन लावला.

"ताई, हार म्हणजे माळ असेल तर पुल्लिंगी. पराभव असेल तर स्त्रीलिंगी. तुमचा कोणता?"

"दोन्ही."

"एका शब्दाला दोन लिंगं? 'नुसता हार' करू की 'नुसती हार'?"

"काका, ते कळू नये म्हणूनच 'हारच हार' लिहिलंय."

"म्हणजे मुद्दाम लपवलंत!"

"हो."

"मग मी कंसात 'पराभव' घालतो. वाचकाचा गोंधळ नको."

"गोंधळ झाला तरच हसू येणार ना!"

"बरं, हा फुलवाला चिनी आहे का? तसा वाटत नाही."

यात माझंच नाक कापलं गेलं असं नाही. १९७० साली माओ एडगर स्नो या अमेरिकी पत्रकाराला म्हणाले, मी छत्री धरलेला भिक्षू आहे. हाही श्येहौयूच. भिक्षूचं डोकं तुळतुळीत, म्हणून केस नाहीत. वर छत्री, म्हणून आकाश नाही. केसही 'फा' आणि कायदाही 'फा', फक्त सूर वेगळा. आणि आकाश म्हणजेच देव. म्हणजे, मी ना कायदा मानतो ना देव. स्नोंच्या लेखात मात्र गळकी छत्री घेऊन जगभर एकटाच फिरणारा भिक्षू अवतरला. दांडगाईचा चक्क वैराग्ययोग झाला! तिथे काकांसारखं कोणी 'छत्री कशाला?' असं विचारायला हवं होतं, असं क्षणभर वाटलं. क्षणभरच.

कारण मानधन शब्दांवर आहे. आठ दिवसांच्या घामाचे दोन शब्द, आणि तळटीप लिहिली तर ती मोजत नाहीत.

रात्री साडेनऊला काकांचाच फोन.

"ताई, 'हारच हार'मध्ये हार दोनदा आलाय. एक काढू का? ओळ बसेल."

आलाय, म्हणाले. म्हणजे लिंग निश्चित झालं होतं.