१७८ डिग्री म्हणे! या, एकदा आमच्या दिवाणावर बसून बघा

हे टीव्हीवाले खोक्यावर "व्ह्यूइंग अँगल १७८ डिग्री" छापतात ना, त्यांना एकदा पकडून आमच्या सिंहगड रोडच्या टूबीएचकेतल्या हॉलमधे आणायचंय आणि दिवाणावर आईच्या जागेवर बसवून मॅच दाखवायचीये. हिरवं ग्राउंड पोपटी-पांढरट दिसतं, बॅट्समनच्या तोंडाला पावडर फासल्यासारखी दिसते, आणि समोरच्या सोफ्यावरचे बाबा म्हणतात "काय मस्त पिक्चर आहे!" अहो तुम्हाला मस्तच दिसणार, तुम्ही बरोब्बर मधे बसलाय!

तो १७८ चा आकडा खोटा नाहीये, हीच तर गंमत आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते, घसरत घसरत १०:१ वर येईपर्यंतचा कोन त्यात मोजतात. आता टीव्हीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनलचे, व्हीए आणि आयपीएस असे प्रकार असतात, आणि आमचं आहे व्हीए. व्हीए पॅनलचा समोरून कॉन्ट्रास्ट ३०००:१ किंवा त्याहून जास्त असतो, तो १०:१ वर येईपर्यंत चित्राची पार वाट लागलेली असते तरी कागदावर पास! रंग किती उडाले हे त्यात कोणी विचारतच नाही.

आमच्या हॉलचं गणित सांगते. टीव्ही ५५ इंची, म्हणजे साधारण चार फूट रुंद. सोफा समोर आठ फुटांवर, पण दिवाण बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीला, टीव्हीच्या मधल्या रेषेपासून पाच फूट बाजूला आणि टीव्हीच्या भिंतीपासून चार फूट पुढे. कोन निघतो ५० डिग्रीच्या वर. आणि हा झाला स्क्रीनच्या मध्याचा, पलीकडच्या कडेचा धरला तर ६० होतो, म्हणून आईला स्कोअर असलेली ती पलीकडची बाजू जास्तच फिकट दिसते. व्हीएमधे रंग २०-३० डिग्रीपासूनच उतरायला लागतात, म्हणजे ती बिचारी कधीच हद्दीबाहेर गेलेली!

कारण काय, तर व्हीएमधले लिक्विड क्रिस्टल काचेवर उभे असतात, उजेड सोडायचा की ते कलतात. अर्धवट कललेले असले की समोरून वेगळे दिसतात आणि बाजूने वेगळे, म्हणून मधल्या छटा, म्हणजे नेमके माणसांचे चेहरे, बाजूने उजळ आणि फिके होतात. आयपीएसमधे ते काचेला समांतर पडून तिथल्या तिथे फिरतात, त्यामुळे बाजूने रंग बराच टिकतो. हे सेटिंगमधे जाऊन दुरुस्त होत नाही हो! इन्स्टॉलेशनला आलेला पोरगा म्हणे "मॅडम, व्हिव्हिड मोड लावा". लावला, आईला तसंच फिकट आणि बाबांना आता सगळे खेळाडू केशरी.

आणि ते रिव्ह्यूवाले! "व्हीएच घ्या, काळा रंग काय खोल, आयपीएसचा काळा करडा दिसतो." मान्य, अंधारात दिसतोच करडा, आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजाराच्या आसपासच असतो. पण आमच्याकडे अंधार करून टीव्ही बघतं कोण? दुपारी बाल्कनीचा उजेड, संध्याकाळी ट्यूब चालू, आई भाजी निवडतीये, बाबांच्या मांडीवर पेपर. ट्यूबचा उजेड स्क्रीनवर पडला की तो खोल काळा तसाही करडाच होतो. ज्या गोष्टीसाठी बाजूच्या माणसांचा बळी दिला ती वसूलच होत नाही.

दुकानात तर आनंदच. सगळे टीव्ही समोरून बघायचे, त्यावर पोपट आणि फळांचा भडक डेमो, ज्यात हे चटकन कळतच नाही. मी पेनड्राइव्हमधून घरच्या लग्नाचा फोटो लावा म्हणाले तर "डेमो बंद करता येत नाही". पॅनल कुठलं विचारलं तर "फोर के आहे". अहो फोर के आहे ते दिसतंय मला! एकाच सिरीजमधे एका साइझला आयपीएस आणि दुसऱ्याला व्हीए असू शकतं, आणि खोक्यावर त्याचा पत्ता नाही. चेहऱ्यांचा एक साधा फोटो लावून पाच फूट बाजूला सरकलं की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो, पण तेवढं करू द्यायला यांचा जीव जातो.

मग उपाय म्हणून फिरणारं ब्रॅकेट घेतलं, परत खर्च. टीव्ही दिवाणाकडे २५ डिग्री वळवला, आईचा कोन निम्म्यावर आला, आई खूश. पण सोफ्याच्या पलीकडच्या टोकाला, मधल्या रेषेपासून तीन फुटांवर, दादा बसतो, त्याचा कोन २० वरून ४५ झाला, आणि आता तो ओव्हर संपली की उठून टीव्ही सरळ करतो, आई पुढच्या ओव्हरला परत वळवायला लावते, आणि वळवायला उठायचं कोणी? मी!