फोटोतली बोटं हवेत काय धरतायत?

आज सकाळी सव्वाआठला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. आमच्या सेक्रेटरी ताईंचा. गेल्या गणपतीत आरतीचं तबक हातात घेतलेला, केसांत गजरा, हिरवी साडी. तोच फोटो, फक्त डोक्यावरचे केस काढून टाकलेले. गुळगुळीत टक्कल. कपाळावरची टिकलीही पुसलेली. खाली लिहिलंय, ‘पार्किंगचा दंड लावणाऱ्या मॅडमचा न्यू लुक’. आणि त्याखाली सतरा जणांचे हसून हसून रडणारे चेहरे. सतरा. मी मोजले.

ताईंचे मिस्टर जाऊन दोन वर्षं झाली. विधवा बाईचं डोकं भादरलेलं दाखवणं म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागतं का? ज्याने हे केलं त्याची आजी, पणजी कुठल्या अंधाऱ्या खोलीत लाल आलवण नेसून बसली होती, ते त्याला ठाऊक नसेल. ताईंना ठाऊक आहे. त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही.

मी लिहिलं. तर उत्तर आलं, ‘काकू, गंमत होती हो. कपडे थोडेच काढलेत?’

या वाक्यामुळे ही पोस्ट लिहितेय. कारण हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी एका पोलीस ठाण्यात ऐकलं होतं. माझ्या भाचीच्या वेळी.

भाचीचा फोटो मामेबहिणीच्या लग्नातला. नऊवारी नेसलेली, उजव्या हाताने पदर खांद्याशी धरलेला. कुणीतरी तो उचलला, नऊवारीच्या जागी तोकडे, चकचकीत कपडे चढवले, तिच्या नावा-आडनावाने इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि तिला बघायला येणार होते त्या घरी खात्याची लिंक पाठवली. नग्न नाही, अश्लील नाही. फक्त ‘मुलगी अशी आहे बरं का’ एवढंच सांगणारा फोटो. स्थळ अर्थातच आलं नाही.

खरं-खोटं कळत कसं नाही, असं मला तेव्हा खूप जण म्हणाले. कळतं, पण मोबाइलवर अंगठ्याने सरकवताना कुणी बघत नाही. आम्हीही दुसऱ्या दिवशी बघितलं. पदर गायब होता, पण तिची बोटं तशीच, खांद्यापाशी हवेत काहीतरी चिमटीत धरून. कोपरावर पैठणीचा बोटभर जांभळा काठ राहून गेलेला. गळ्यातली ठुशी मानेच्या एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. कपडे बदलताना अंगाची ठेवण मात्र जुन्या कपड्यांचीच राहते, तिथेच चोरी पकडली जाते. केसांच्या बाबतीत कानाच्या आसपास बघा. आजच्या फोटोत ताईंच्या टकलाला ट्यूबलाइटची चमक नाही, पण नाकावर आहे. आणि गजऱ्याची दोन फुलं खांद्यावर तशीच पडलेली आहेत. टकलाला गजरा कुठून आला, हे त्या सतरांपैकी एकालाही दिसलं नाही.

मंडळी, मलाही विनोद कळतो. नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी स्वतः त्याच्या टकलावर झुलपं लावून फोटो केला होता, आणि सगळ्यात आधी त्यालाच दाखवला होता. त्याने स्वतःच तो स्टेटसला ठेवला. पुढाऱ्यांची टोपी-धोतरं बदलून चित्रं काढतात, तेही ठीक, खुर्चीवर बसलेल्याने ते सोसायला हवं. (सोसायटीच्या सेक्रेटरीची खुर्ची प्लास्टिकची असते, पगार शून्य.) पण त्या माणसाला न विचारता, त्याची चारचौघांतली पत घालवायला, तोंडावर ‘काढ’ म्हटल्यावरही न काढता ठेवलेला फोटो ही गंमत नाही, तो छळ झाला. आणि बघणाऱ्याला तो खरा वाटावा अशी सोय केली, म्हणजे तिच्या नावाचं खातं, ओळखीच्यांना लिंक, तर ती सरळ बनवाबनवी.

कपडे तर जाऊच देत. मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीपटूंना पोलिसांनी गाडीत घालून नेलं, तेव्हा विनेश आणि संगीता फोगाट यांचा गाडीतला गंभीर चेहऱ्याचा सेल्फी होता. कुणीतरी त्यावर फक्त हसू चढवलं. ना केस बदलले ना कपडे. तेवढ्याने ‘बघा, यांचं नाटक’ असं देशभर फिरलं. मूळ फोटो समोर आल्यावर खोटेपणा उघड झाला, पण तोवर ज्यांना हवं होतं त्यांनी ते हसू बघून घेतलं होतं.

आता भाचीच्या वेळी आम्ही काय काय माती खाल्ली ते सांगते, म्हणजे तुम्ही खाऊ नका.

माझ्या बहिणीने लाजेपायी, आलेले मेसेज आधी पुसून टाकले. लिंक कुठल्या नंबरवरून आली तो पुरावाच गेला. भाच्याने त्या खात्यावर जाऊन शिव्या घातल्या, धमक्या दिल्या. समोरच्याने त्याला ब्लॉक केलं, नाव बदललं आणि तेच खातं नव्या नावाने सुरू. शेवटी पुरावा दिला कुणी, तर त्या स्थळाच्या आईने! नकार कळवणाऱ्या त्या बाईंनी मेसेज जपून ठेवला होता. मी त्यांना मनातल्या मनात खूप बोलले होते. असो.

तेव्हा आधी जपायचं, मग तक्रार करायची. एकदा खातं उडालं की तुमच्याकडचाही पत्ता गेला. नुसता फोटोचा स्क्रीनशॉट पुरत नाही. खात्याची लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसायला हवी. प्रोफाइलपासून त्या फोटोपर्यंत जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर उत्तम. व्हॉट्सॲपवर एक खोच आहे. नंबर तुमच्याकडे सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये ‘बी विंग ३०४’ असलं काहीतरी दिसतं, नंबर दिसतच नाही. त्याचं प्रोफाइल उघडून नंबरासकट दुसरा स्क्रीनशॉट घ्या. फोटोवर ‘फॉरवर्डेड’ लिहिलंय का तेही बघून ठेवा. आजच्यावर लिहिलेलं नव्हतं. म्हणजे निदान दुसऱ्या कुणाचा आलेला मेसेज सरळ पुढे ढकललेला नाही. आणि मूळ फोटो, ज्याने काढला त्याच्या फोनमधला, न कापता न सजवता वेगळा ठेवा. बनावट फोटोचं तोंड बंद करायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

दुसरी माती मी स्वतः खाल्ली. इन्स्टाग्रामवर तक्रार करताना ‘नग्नता’ हा पर्याय निवडला. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. बरोबरच होतं ना, अंगावर कपडे होते! तीन दिवस मी तीच तक्रार तीनदा केली आणि स्क्रीनवर ओरडले. मग भाचीच्या मैत्रिणीने ‘दुसऱ्या व्यक्तीचं सोंग घेतलंय’ या पर्यायाखाली तक्रार करायला लावली. भाचीचं ओळखपत्र मागितलं, दिलं, दुसऱ्या दिवशी खातं बंद.

आपल्या देशाच्या २०२१ च्या आयटी नियमांत हे स्पष्ट आहे. नियम ३(२)(ब) मध्ये नग्नतेच्या जोडीला तोतयेगिरी आणि त्या व्यक्तीच्या बनावट, फेरफार केलेल्या प्रतिमा वेगळ्या नमूद केल्या आहेत. स्वतः पीडिताने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केली की कंपनीने २४ तासांत पावलं उचलायची, असं ते नियम आले तेव्हाच ठरलं होतं. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जायचं, तिथेही जमलं नाही तर निकालापासून ३० दिवसांत gac.gov.in वर अपील. अजून एक वाट आम्हाला उशिरा कळली. फोटोचा कॉपीराइट सहसा तो काढणाऱ्याचा असतो. भाचीचा फोटो मामेबहिणीने काढला होता, म्हणजे तीसुद्धा तक्रार करू शकली असती.

आणि पोलीस. मी त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही, पुढे ज्या अधिकाऱ्याकडे प्रकरण गेलं तो समजूतदार निघाला. पण पहिल्या टेबलावर ऐकलं ते, ‘मॅडम, अश्लील नाहीये, मग गुन्हा काय?’ ऐकून भाची तिथेच रडायला लागली.

गुन्हा काय ते ऐका. आयटी कायद्यातलं अश्लीलतेचं ६७ कलम इथे लागणार नाही, खासगी अवयवांचं ६६-ई लागणार नाही, हे खरं. पण तिच्या नावा-चेहऱ्याने खातं चालवलं तर त्याच कायद्याचं ६६-सी मांडता येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. बदनामीसाठी खोटा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनवला तर भारतीय न्याय संहितेचं ३३६(४), तेही तीन वर्षांपर्यंत. बाईच्या अब्रूचा अपमान करण्याचा हेतू असेल तर ७९. नुसत्या बदनामीचं ३५६ लावलं तर तो अदखलपात्र, तुम्हालाच कोर्टात खेटे घालावे लागतील. म्हणून अर्जात ‘माझी बदनामी झाली’ एवढंच लिहून थांबू नका. खोटा फोटो बनवला, माझ्या नावाने वापरला, अमुक माणसाला पाठवला, असं क्रमाने लिहा. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, तेव्हा पहिल्या टेबलावरून परत फिरू नका. ऑनलाइन करायचं तर cybercrime.gov.in. तिथे महिलांविषयीच्या काही तक्रारी नाव न देताही करता येतात, पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही. मी तरी नाव देऊन करा म्हणेन.

आमच्या प्रकरणात आठ महिन्यांनी कळलं. तो लग्नातलाच होता. आमच्याच पंगतीत जेवलेला.

हे सगळं लिहितालिहिता सकाळचा राग थोडा उतरलाय. तो पोरगा फार तर पंचविशीचा असेल, त्याला आयुष्यातून उठवावं असं मला वाटत नाही. (सकाळी वाटत होतं.) ॲडमिनसाहेबांनी मात्र घाबरून मला फोन केला, ‘वहिनी, माझ्यावर येईल का हो?’ नाही येणार. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय. पण काढून टाकायचं बटण त्यांच्याकडे होतं आणि दुपारपर्यंत त्यांनी ते दाबलं नाही, एवढं मी लक्षात ठेवीन.

दुपारी तीन वाजता फोटो उडाला. आता तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच दिसतं. संध्याकाळी मी ताईंकडे गेले. त्यांनी चहा केला, विषय काढलाच नाही. निघताना दारात विचारलं, ‘तुमच्याकडे आहे का तो?’

सव्वाआठचा आहे. नंबरासकट, वेळेसकट. गणपतीतला मूळ फोटो माझ्याच फोनमधला, तोही आहे. उद्या अकरा वाजता आम्ही दोघी जातोय.