तीन महिन्यांत ताठ होण्याची सोपी रीत

व्यायामाने शरीर बदलते, परंतु त्याला वेळ लागतो आणि मध्येच कोणी घरी पाहुणा आला, तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजायला जीव धजत नाही. त्या मानाने फोटो बदलायला दोन मिनिटे पुरतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडी शेजारी-शेजारी लावून स्वतःची प्रगती सिद्ध करण्याची कला मी स्वतः कोल्हापुरात तीन महिने कसून आत्मसात केली असल्यामुळे, तिचे मर्म वाचकांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

‘आधी’चा फोटो नेहमी मिसळीच्या दुसऱ्या प्लेटनंतर, दुपारी, समोरून येणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात काढावा. समोरचा सपाट उजेड अंगावरचे सगळे चढ-उतार पुसून टाकतो आणि माणूस मळलेल्या कणकेसारखा दिसतो. बाजूने उभे राहून गुडघे मागे ताणावेत, कंबरेत खळगा पडू द्यावा, म्हणजे ओटीपोट आपोआप पुढे सांडते. ‘नंतर’चा फोटो मात्र उपाशीपोटी, उतरत्या उन्हात काढावा. अंगावरून तिरपा घासत जाणारा उजेड प्रत्येक स्नायूच्या कडेला सावली टाकतो आणि कालपर्यंत नसलेले पोटाचे चौकोन आज उगवतात. त्याच वेळी नितंब आवळावेत, अर्धा श्वास सोडावा आणि हनुवटी मागे घ्यावी. या आसनाला वर्षानुवर्षांची साधना लागत नाही, शटर दाबेपर्यंतचे तीन सेकंद पुरतात.

अंतराकडेही दुर्लक्ष करू नये. ‘आधी’ला फोन तीन मीटरवर ठेवावा आणि ‘नंतर’ला दीड मीटरवर आणावा. बाजूने उभ्या माणसाचा कॅमेऱ्याकडचा दंड त्याच्या शरीराच्या मध्यापेक्षा साधारण २० सेंटीमीटर जवळ असतो. तीन मीटरवरून तो सुमारे ७ टक्के मोठा दिसतो, दीड मीटरवरून १५ टक्के. म्हणजे एकही डंबेल न उचलता दंड भरतो, शिवाय तो पोटाचा काही भाग झाकतो, हा फायदा वेगळाच.

कोणी शंकेखोर म्हणेल की दोन्ही फोटोंचा उजेड संगणकावर सारखा करून पाहा. त्याला खुशाल करू द्यावे. मागच्या भिंतीचा पांढरा रंग दोन्हीकडे एकसारखा दिसेपर्यंत उजेड कमी-जास्त करता येतो. पण उजेड कोणत्या बाजूने आला होता, हे कोणत्याही सरकपट्टीने बदलत नाही, त्यामुळे सावल्या जागच्या जागी राहतात आणि पोटाचे चौकोनही. धोका फक्त अशा माणसापासून आहे, जो सावल्या सोडून नुसती शरीराची बाहेरची कड पाहतो. कारण पोटाची आणि पाठीची कडरेषा उजेडाने जवळपास हलत नाही.

आता माझ्या स्वतःच्या जोडीबद्दल. जानेवारीतला फोटो घरच्या दारात, एप्रिलमधला शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या दारात. दोन्हींत मी बाजूने उभा. माझी उंची १६८ सेंटीमीटर असल्यामुळे फोटोत टाचेपासून टाळूपर्यंतचे माप तितके धरून मी प्रमाण काढले. (मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून प्रमाण काढू नये, ते आपल्यामागे असल्यामुळे लहान दिसते आणि सगळे हिशेब फुगतात.) मग घोट्याच्या हाडापासून एक उभी रेषा काढली आणि कानाचे भोक तिच्यापासून किती पुढे आहे, ते मोजले. नीट उभ्या माणसात ही रेषा घोट्याच्या थोड्या पुढून निघून कान, खांदा आणि कंबरेच्या सांध्याजवळून जाते. जानेवारीत माझा कान घोट्याच्या १४ सेंटीमीटर पुढे होता, एप्रिलमध्ये फक्त ४. दहा सेंटीमीटर मान मागे गेली! हा आकडा घेऊन मी वस्तादांकडे गेलो.

वस्तादांनी फोन दूर धरून पाहिले. माझ्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. म्हणाले, “लेका, तालमीचं दार कवा कललं?”

दार कललेले नव्हते, फोन कलला होता. चौकटीची बाजू फोटोत मागच्या बाजूला ३ अंश झुकली होती. घोट्यापासून कानापर्यंत माझे अंतर सुमारे १५० सेंटीमीटर. तेवढ्या उंचीवर ३ अंशांचा कल कानाला जवळजवळ ८ सेंटीमीटर मागे नेतो. फोटो फिरवून चौकट उभी केली, तेव्हा कान १२ सेंटीमीटरवर परत आला. दहा सेंटीमीटरची प्रगती दोनवर आली, आणि जानेवारीची चौकट दुर्दैवाने सरळच निघाली. म्हणून ज्या फोटोत दार, खिडकी किंवा विजेचा खांब सरळ दिसतो, तो फोटो वस्तादांना कधीही दाखवू नये. रंकाळ्याच्या पाण्यावर उभ्या रेषा नसतात. तिथे काढावेत, फक्त क्षितिज चौकटीबाहेर राहील एवढे पाहावे.

उरलेल्या दोन सेंटीमीटरांवर मी जगलो असतो. परंतु शेजारच्या गवंड्याने माझा उत्साह पाहून आपला ओळंबा दिला आणि वरून एक उद्योगही सुचवला: ओळंबा बाजूला टांगा, फोन बेंबीच्या उंचीवर स्टँडवर ठेवा, पावलांच्या खुणा खडूने आखा आणि एकाच सकाळी पाच फोटो काढा, दर वेळी खुणेवरून बाजूला होऊन, चार पावले चालून, पुन्हा उभे राहून. मी तसे केले. अर्ध्या तासात माझी मान कुठेही सुधारली वा बिघडली नव्हती, तरी कानाचे माप ११ ते १४ सेंटीमीटरांच्या दरम्यान नाचत राहिले. नुसत्या उभे राहण्यातच ३ सेंटीमीटरांचा फरक पडत असेल, तर तीन महिन्यांचे २ सेंटीमीटर कोणाच्या खात्यावर मांडायचे? वाचकांनी हा प्रयोग अजिबात करू नये. एक ‘आधी’ आणि एक ‘नंतर’ यांतच शहाणपण आहे. पाच ‘आधी’ आणि पाच ‘नंतर’ काढणाऱ्याला सरासरी काढावी लागते आणि सरासरीला लाइक मिळत नाहीत.

समोरून काढलेल्या फोटोंसाठी एक हुकमी उपाय आहे. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असतो. ‘आधी’ मित्राकडून काढून घेतला, ‘नंतर’ आरशात स्वतः काढला. आरशाने डावे-उजवे उलटले आणि उजवा खांदा वर आला. काही फोनचा पुढचा कॅमेराही फोटो असाच उलटा जतन करतो. बनियनवरची अक्षरे उलटी दिसून बिंग फुटू नये, म्हणून बनियन कोरा घालावा आणि गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला आहे, हे कोणी पाहू नये म्हणून मान किंचित वळवावी.

जोडी आता माझ्या प्रोफाइलवर आहे, तालमीचे दार कापून. ओळंबा मी गवंड्याला परत केला. त्याला भिंत बांधायची होती.