सरासरी पास, म्हणून कॉलम पास?

एक्झिक्युटिव्ह समरी आज परत आली. त्यातलं एकच वाक्य खऱ्या कामाचं होतं, आणि साहेबांनी नेमकं तेच खोडलंय. ‘सी-७ कॉलमचं काँक्रीट नापास आहे, स्ट्रक्चरल कन्सल्टंट लेखी कळवेपर्यंत त्यावर स्लॅब टाकू नये’ असं मी लिहिलं होतं. त्या जागी आता आहे, ‘कोअर टेस्टचे एकंदर निकाल समाधानकारक.’ खाली माझंच नाव. हीच फाइल संध्याकाळी वर जाणार आणि शुक्रवारी स्लॅब.

एकंदर! हा शब्द रिपोर्टमध्ये दिसला की माझं डोकं फिरतं. इमारतीचा भार एकंदर कॉलमवर येत नाही हो. सी-७ वर जेवढा यायचा तेवढा सी-७ वरच येतो, सी-४ कितीही दणकट असला तरी.

तिसऱ्या मजल्याचे आठ कॉलम एकाच दिवशी ओतले, एम ३० ग्रेड, म्हणजे क्यूबची ताकद ३० मेगापास्कल हवी. त्याच मालाचे साच्यात भरलेले ठोकळे, म्हणजे क्यूब, अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिले तर नापास झाले, म्हणून ड्रिलने कॉलममधूनच काँक्रीटचे गोल तुकडे, म्हणजे कोअर, काढायचं ठरलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडप्रमाणे कमीत कमी तीन लागतात, तेवढेच काढले. सी-४, सी-९ आणि सी-७. लॅबने कोअरची उंची-व्यासाची दुरुस्ती करून सिलिंडरची स्ट्रेंग्थ दिली, तिला सव्वाने गुणून क्यूबच्या भाषेत आणली. सी-४ चे २९, सी-९ चे २७.५ आणि सी-७ चे २१.५ मेगापास्कल.

कोडच्या अटी दोन आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. सरासरी ग्रेडच्या ८५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे ३० ला २५.५. आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे २२.५. आपली सरासरी २६. पहिली अट पास. सी-७ चा आकडा २१.५. दुसरी अट नापास. साहेब पहिल्या अटीपाशी थांबले. ‘मॅडम, सव्वीस आहे ना? साडेपंचवीस पाहिजे होतं ना? मग अडलंय कुठं?’

दुसरी अट अशाच ठिकाणी उपयोगी पडावी म्हणून कोडात घातलीय. दोन चांगल्या कोअरच्या आडोशाला एक वाईट कोअर लपू नये म्हणून. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो लपवला जातोय, तोही ‘सोपं करून लिहा’ या नावाखाली. सोपं मी केलं होतं की! कॉलम कुठला, काय थांबवायचं, कुणाच्या होकारापर्यंत थांबवायचं, सगळं एका ओळीत होतं. ज्याला मेगापास्कल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यालाही कळलं असतं. साहेब कॉमर्सचे आहेत, माझी त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. समरी असतेच त्यांच्यासाठी. पण ज्या ओळीवर त्यांना निर्णय घ्यायचाय तीच खोडायची आणि सरासरी ठेवायची, याला सोपं करणं म्हणत नाहीत.

आधी त्यांचा उलटा हट्ट होता. पहिला मसुदा पाहून म्हणाले, ‘एम ३० सांगितलं होतं, मग २५.५ ला पास कसं म्हणता? लॅबला सांभाळून घेताय का?’ मग मी दोन वाक्यं घातली. क्यूब साच्यात नीट ठोकून भरतात आणि अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवतात. कॉलमला तेवढं सुख नसतं. गोणपाट गुंडाळतात, माणूस येईल तेव्हा पाणी मारतो, शिवाय ड्रिलने कोअर काढताना त्यालाही थोडा मार बसतो. म्हणून कोडने १५ टक्क्यांची सूट आधीच धरलीय. हे त्यांना लगेच पटलं, कारण सूट हा शब्द ओळखीचा. पण सूट दिल्यानंतरही एकेका कोअरसाठी खालची मर्यादा आहे आणि सी-७ तिच्याही खाली गेलाय, हे ऐकायला मात्र वेळ नाही.

राग खरा याचा येतो की सी-७ चं कारणही रिपोर्टात आहे. लॅबने घनता दिलीय. सी-४ आणि सी-९ चे कोअर घनमीटरला २,४२० आणि २,४१० किलोचे, सी-७ चा २,३०० चा. पाच टक्के हलका. काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळी राहिली तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत घसरू शकते. इथे २९ च्या जागी २१.५ आलेत, म्हणजे चौथा हिस्सा गेला. कोअरचा फोटो पाहिला तर आकड्यांचीही गरज पडत नाही. एका बाजूने बोटाचं टोक जाईल अशी भोकं, खडी उघडी, मध्ये सिमेंटची पेस्टच नाही. व्हायब्रेटरची नीडल तिथपर्यंत पोचलीच नाही किंवा घाईत लगेच उपसली. तिन्ही कॉलमांचा माल एकाच दिवसाचा, म्हणून माझा संशय मालापेक्षा भरणीवर जास्त आहे. समरीत मी याला अर्धी ओळ दिली होती, ‘संभाव्य कारण: अपुरं व्हायब्रेशन’. संभाव्य असं मुद्दाम लिहिलं, कारण एका कोअरवरून तेवढंच म्हणता येतं. साहेबांनी तीही काढली. ‘कॉन्ट्रॅक्टर दुखावेल.’

आणि उरलेल्या पाच कॉलमांचं काय? आठ ओतले, तीन तपासले. पाचांबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही. हे वाक्य तर समरीत हवंच हवं, कारण वाचणारा तज्ज्ञ नसेल तर तो धरून चालतो की टेस्ट झाली म्हणजे सगळ्या मजल्याची झाली. नापास क्यूब या आठही कॉलमांच्या मालाचे होते. मी लिहिलं होतं, ‘उरलेल्या पाच कॉलमांची तपासणी झालेली नाही.’ यावर शेजारी पेनने प्रश्नचिन्ह आणि शेरा, ‘निगेटिव्ह वाटतं.’ तपासलं नाही याला तपासलं नाही असंच म्हणणार ना, त्याला पॉझिटिव्ह कसं करू?

मग फोनवर तोडगा निघाला. ‘अजून दोन कोअर काढा ना चांगल्या कॉलमचे, सरासरी वर जाईल.’ जाईल ना, अगदी २७ वर जाईल. सी-७ चे २१.५ तिथेच राहतील आणि दुसरी अट नापासच राहील. जास्त कोअर काढायला माझी ना नाही, उलट काढायलाच हवेत. पण ते सी-७ मध्येच वर-खाली, खराबी कुठून कुठवर आहे ते कळायला, आणि न तपासलेल्या पाचांमध्ये. जिथे चांगलं निघेल अशी खात्री आहे तिथे ड्रिल लावायचं, याला तपासणी म्हणायची माझी तयारी नाही.

पुढचा तोडगा: ‘लोड टेस्ट करून टाका, विषय संपवा.’ कोडमधली लोड टेस्ट वाकणाऱ्या भागांसाठी आहे, स्लॅब आणि बीमसाठी. त्यावर वजन ठेवायचं, चोवीस तास थांबायचं, किती वाकलं आणि वजन काढल्यावर किती परत आलं ते मोजायचं. कॉलम दबतो, आणि दबून मोडताना तो बीमसारखी आधी सूचना देत बसत नाही. त्याच्यासाठी कोड सांगतो की हिशेब करून तपासा. म्हणजे कन्सल्टंटने ३० च्या जागी प्रत्यक्ष ताकद धरून सी-७ पुन्हा डिझाइन करून बघायचा. कदाचित त्या कॉलमवर भार कमी असेल आणि आहे तसा चालेल. कदाचित जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून नवं काँक्रीट चढवून कॉलम जाड करावा लागेल. कदाचित तोडून परत ओतावा लागेल. हे तिन्ही पर्याय आज स्वस्त आहेत, कारण सी-७ च्या डोक्यावर अजून फक्त सेंटरिंग आहे. शुक्रवारनंतर स्लॅब असेल, मग त्यावर पुढचा मजला. पैशांची भाषा कळते म्हणून हेही समरीत लिहिलं होतं. ‘आज थांबलो तर एका कॉलमचा खर्च, स्लॅबनंतर थांबलो तर स्लॅबला टेकू देऊन काम.’ हेही खोडलेलं आहे.

जुनी दुखणी काढली तर रात्र पुरणार नाही. मागे एकदा हॅमर टेस्टचा आकडा कोअरच्या आकड्यासोबत सरासरीत घालायला सांगितला होता. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा बघतो, त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडचं तिकडं होऊ शकतं असं आपलं स्टँडर्डच सांगतं. हॅमरने ३२ दाखवले तर आत २४ असतील किंवा ४० असतील. तो आकडा कोअरमध्ये मिसळायचा? त्याआधी हिरवा-पिवळा-लाल रंगांचा तक्ता मागवला होता. नापास कॉलमला पिवळा द्या म्हणाले, ‘लाल पाहिलं की वरचे घाबरतात.’ घाबरू देत की! लाल रंग आहे कशासाठी?

आणि आमच्या इंजिनीअर मंडळींवरही माझा राग आहे. या लोकांनी साहेबांना सवय लावलीय. समरीची सुरुवात काय, तर ‘सदर चाचणीचा उद्देश असा की’. मग कोअरचा व्यास, मशीनची क्षमता, कॅलिब्रेशनची तारीख, आणि निकाल शेवटून दुसऱ्या ओळीत, तोही ‘काही ठिकाणी अपेक्षेपेक्षा किंचित कमी’. कुठल्या ठिकाणी? किंचित म्हणजे किती? व्यास आणि कॅलिब्रेशन मागच्या रिपोर्टात आहे, ज्याला हवं तो बघेल. ज्याला स्लॅब थांबवायचा की टाकायचा हे सांगायचंय त्याला पहिल्या ओळीत कॉलमचा नंबर द्या. तिथे तुम्ही किंचित लिहिता, म्हणून तो एकंदर लिहायला धजावतो.

मी समरी जुन्या शब्दांत परत टाइप केलीय. पहिल्या ओळीत सी-७ आणि स्लॅब थांबवायचा. दुसऱ्या ओळीत दोन अटी आणि दोन आकडे, २६ पास आणि २१.५ नापास, शेजारी शेजारी. तिसऱ्यात न तपासलेले पाच कॉलम. चौथ्यात कन्सल्टंटकडून काय हवंय आणि तोवर खर्च किती. लॅबचा मूळ रिपोर्ट जोडून मेल थेट स्ट्रक्चरल कन्सल्टंटला पाठवलाय, साहेबांना प्रत. ‘समाधानकारक’ वाली फाइल वर न्यायची असेल तर त्यावरून माझं नाव काढून न्या, हेही त्याच मेलमध्ये लिहिलंय.