टेलिग्रामवर स्टिकर काढला म्हणजे खरंच गेला का?

"टेलिग्रामवर आपला स्टिकर पॅक लिस्टमधून काढला की सगळ्यांकडून उडतो. सेव्ह केलेले जीआयएफ काढले की फोन मोकळा होतो. क्विक रिप्लाय डिलीट केला तर त्यातून गेलेले मेसेजही जातात, म्हणून हात लावू नका. पुढे पाठवा."

असा फॉरवर्ड फिरतोय, त्यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि पहिलं वाक्य सगळ्यात घातक आहे. समजा वहिनीचा झोपेतला फोटो कापून तुम्ही पॅक बनवला, तो फॅमिली ग्रुपवर फिरला आणि वहिनी भडकल्या. तुम्ही पॅक लिस्टमधून काढलात, तर फक्त तुमच्या कीबोर्डवरून गेला, बाकी ज्यांनी ॲड केलाय त्यांच्याकडे जसाच्या तसा, कारण पॅक टेलिग्रामच्या सर्व्हरवर असतो, तुमच्या फोनमध्ये नाही. तो मुळापासून काढायचा तर ज्या अकाउंटवरून बनवला त्याच अकाउंटवरून @Stickers या बॉटला लिहायचं:

```
/delpack
```

मग पॅक निवडायचा आणि बॉट जे वाक्य कन्फर्म म्हणून टाईप करायला सांगतो ते अगदी तसंच टाकायचं. एकच स्टिकर नकोय तर /delsticker पाठवून मग तो स्टिकर बॉटला द्यायचा. झालं की नाही हे बघायला ग्रुपमधल्या जुन्या स्टिकरवर टॅप करा, पॅक उघडला नाही म्हणजे गेला. पण थांबा, चॅटमध्ये आधी पाठवलेला स्टिकर तरीही दिसत राहतो! तो मेसेज वेगळा डिलीट करावा लागतो, आणि कोणी स्क्रीनशॉट काढला असेल तर त्यापुढे बॉटचंही काही चालत नाही. (वहिनींची माफी मागणं हे बॉटच्या कमांडमध्ये नाही, ते तुमचं तुम्ही बघा.)

जीआयएफचं म्हणाल तर ती सेव्हची यादी अकाउंटला जोडलेली असते, म्हणून मोबाईलवर काढलेला लॅपटॉपवरूनही जातो. फ्री अकाउंटला २०० ची मर्यादा आहे, त्यापुढे नवीन सेव्ह केला की जुना आपोआप बाहेर. जागा खातो तो कॅश, म्हणजे बघताना फोनमध्ये साठत गेलेल्या फाइल्स, त्यामुळे यादी साफ करून फार काही हाती लागत नाही, Settings मध्ये Data and Storage, तिथे Storage Usage, आणि तिथून Clear Cache. त्याने सेव्ह केलेलं काही जात नाही, परत बघाल तेव्हा पुन्हा डाउनलोड होतं, नेट तेवढं खर्च होणार.

क्विक रिप्लाय म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तराचा साचा, हे टेलिग्राम बिझनेसमधलं फीचर, २०२४ मध्ये आलं, प्रीमियम असेल तरच मिळतं. चॅटमध्ये / टाईप केलं की साचा निघतो आणि पाठवला की तो साधा मेसेज होतो, साच्याशी त्याचा संबंध तिथेच संपतो. म्हणजे समजा /rate नावाच्या साच्यात जुना भाव होता आणि तुम्ही तो डिलीट केलात, तरी काल गिऱ्हाईकाला गेलेला जुना भाव त्याच्याकडे आहेच, तो चॅटमध्ये जाऊन दोन्ही बाजूंनी डिलीट करा. आणि भावच बदलायचा असेल तर साचा डिलीट कशाला करता, एडिट करा ना.