चार तास तोफा, आणि मग?

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा तुम्ही उगाच बाऊ करताय. मी देवळालीत तोफांचा सराव बघत मोठा झालोय. किनाऱ्यावर चार तास तोफा डागा, मग जहाजं लावा आणि उतरा. हल्ला तो हल्लाच, जमिनीवरून काय नि समुद्रातून काय!"

नमस्कार. देवळालीकराशी तोफांवरून वाद घालण्याची माझी टाप नाही. म्हणून जिथे तोफांची गरजच पडली नाही, असं उदाहरण देतो.

डिसेंबर १९७१. पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडे जाणारी वाट अडवायला आपण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारजवळ गुरखा पलटण उतरवायला निघालो. किनाऱ्यावर प्रतिकार नव्हता. तरी जहाज किनाऱ्याच्या अलीकडेच वाळूच्या दांड्यावर टेकलं. दांड्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होतं. पाठीवरच्या ओझ्यानिशी पाण्यात उतरलेले काही जवान बुडाले आणि उतरणं थांबवावं लागलं. मोहीम घाईत ठरलेली, त्या किनाऱ्याची नीट पाहणी झालेली नव्हती.

नकाशावरचा किनारा ही नुसती रेघ असते. उतरणाऱ्याला हवा असतो पाण्याखालचा उतार. समजा, दर १०० मीटरला तळ १ मीटरनं खाली जातो आणि जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, तरंगायला १ मीटर पाणी लागतं. म्हणजे जहाज काठापासून १०० मीटरवरच अडणार. भरती १ मीटरनं ओसरली की काठ आणखी १०० मीटर मागे सरकतो, आणि टेकलेलं जहाज पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. म्हणून शक्यतो चढत्या पाण्यात टेकायचं. उताराचा हिशेब चोख असला, तरी मधला एखादा दांडा तो मोडतो. तो नकाशात दिसत नाही. कुणीतरी जाऊन बघावा लागतो. ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले होते, ते वाळूचे नमुने आणायला. त्या वाळूत रणगाडे रुततील का, एवढंच त्यांना बघायचं होतं!

आता तुमचे चार तास. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात. त्यातले चार तोफांना दिले तर उतरायला उरतं काय? पुढे १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं, तेव्हा जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले अडथळे उघडे दिसावेत म्हणून पाणी खाली हवं होतं, पण चढतं. शिवाय नेम धरण्यापुरता उजेड हवा होता. वेळ दोन्ही बाजूंनी बांधली गेली. तिथल्या ओमाहा नावाच्या किनाऱ्यावर पहाटे ५:५० च्या सुमारास युद्धनौकांचा भडिमार सुरू झाला आणि ६:३० ला पहिली तुकडी उतरायची होती. तोफांना मिळाली जेमतेम ४० मिनिटं. ती वाढवायची तर अडथळे पाण्याखाली जाणार, किंवा अंधारात आंधळा मारा करावा लागणार.